‘पेमेंट केलंय’ म्हणणाऱ्या ग्राहकाला काय लिहावं?

‘सदर बिलाचे पेमेंट पूर्वीच केलेले आहे. कृपया आपली खाती तपासावीत.’ छोट्या उद्योगात किंवा दुकानात हिशेब सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर कधी ना कधी येतं. आपल्या वहीत बिल थकलेलं दिसतं, बँकेत पैसे दिसत नाहीत आणि ग्राहक मात्र ठामपणे सांगतो की पैसे दिले. यावर उत्तर लिहायला बसलं की पहिला मसुदा हमखास रागाचा होतो. तो राग आवरून दुसरा लिहावा तर तो इतका गुळमुळीत होतो की ग्राहकाला नेमकं काय करायचं आहे तेच कळत नाही. पैसे मिळाल्याची खूण तर मागायची आहे, पण ‘तुम्ही खोटं बोलताय’ असा वास त्याला यायला नको. हे कसं साधायचं, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, भोसरीतली एक भागीदारी संस्था कारखान्यांच्या एअर कंप्रेसरची देखभाल करते. चाकणच्या एका कंपनीला तिने 12 जून 2025 रोजी बिल क्रमांक 417 दिलं. कामाचे 72,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 12,960, एकूण 84,960 रुपये. मुदत तीस दिवसांची. 4 ऑगस्टला स्मरणपत्र गेलं आणि 5 तारखेला कंपनीच्या अकाउंट्स विभागातून वरचं दोन ओळींचं उत्तर आलं.

उत्तर लिहिण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हे लिहिणारा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. तो त्याच्या संगणकातल्या आपल्या खात्याकडे पाहून बोलत असतो. तिथे पेमेंटचं व्हाउचर पडलेलं असतं, बाकी शून्य दिसत असते. पण व्हाउचर पडणं आणि बँकेतून पैसे निघणं या दोन वेगळ्या घटना आहेत. चेक लिहून झाला, नोंद झाली, पण तो सहीसाठी टेबलावर पडून राहिला, असं होतं. नेट बँकिंगमध्ये एका कर्मचाऱ्याने पेमेंट भरलं, पण ज्याने मंजुरी द्यायची तो त्या दिवशी बाहेरगावी होता, असंही होतं. एनईएफटी केली, खाते क्रमांक चुकीचा निघाला, पैसे परत आले आणि परत आलेली रक्कम महिनाभर कोणाच्या लक्षातच आली नाही, हेही नेहमीचंच. प्रत्येक वेळी लेजरमध्ये मात्र ‘पेड’. म्हणून ‘मी पैसे दिले’ हे ग्राहकाचं म्हणणं आणि ‘आम्हाला मिळाले नाहीत’ हे आपलं म्हणणं, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. ही जाण ठेवून लिहिलेल्या पत्राचा सूर आपोआप बदलतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चूक आपल्याच बाजूला असण्याची शक्यता तेवढीच असते आणि ती तपासल्याशिवाय उत्तर पाठवू नये. टॅलीसारख्या प्रणालीत आलेली रक्कम ठरावीक बिलासमोर लावावी लागते. घाईत ती नुसती ‘ऑन अकाउंट’ जमा केली, तर पैसे पार्टीच्या खात्यात येतात, पण बिल थकबाकीच्या यादीत तसंच उभं राहतं. सारख्या नावाच्या दोन पार्ट्या असतील, किंवा एकाच कंपनीची चाकण आणि रांजणगाव अशी दोन खाती असतील, तर एकीचे पैसे दुसरीच्या नावावर जातात. संस्थेने बँक बदललेली असेल, तर ग्राहकाच्या संगणकात जुन्या सहकारी बँकेतलाच खाते क्रमांक राहिलेला असतो आणि रक्कम अशा खात्यात जाऊन बसते की ज्याचा उतारा आपण सहा महिन्यांत उघडलेला नाही.

शोधताना रक्कम कोणती शोधायची, इथेही बरेच जण चुकतात. बँकेच्या उताऱ्यात 84,960 शोधले आणि सापडले नाहीत, म्हणून पैसे आले नाहीत, असं ठरवता येत नाही. कंपनी टीडीएस कापून पैसे पाठवते. भागीदारी संस्थेच्या अशा कंत्राटी कामावर कपात दोन टक्के असते आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर ती मूळ 72,000 वर होते. म्हणजे 1,440 रुपये कापून 83,520 येतील. शोधायचा तो हा आकडा. तोही नाही सापडला, तर एकाच पेमेंटमध्ये दोनतीन बिलं एकत्र आली आहेत का, हे पाहण्यासाठी त्या पार्टीकडून त्या काळात आलेली प्रत्येक जमा वेगळी काढावी.

याच ठिकाणी एक फसगत होते. काही जण प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म 26एएस उघडतात, तिथे या बिलावरचा टीडीएस जमा दिसतो आणि ‘म्हणजे पैसे दिले असणार’ असा निष्कर्ष काढतात. तो बरोबर नाही. टीडीएस बिलाची नोंद करताना किंवा पैसे देताना, यांपैकी जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. कंपनीने जूनमध्ये बिल पुस्तकात घेतलं, तेव्हाच कर कापून भरला असेल आणि उरलेली रक्कम अजून दिलेली नसेल. टीडीएस दिसला म्हणजे बिल त्यांना मान्य आहे एवढं कळतं, आणि तेही कामाचं आहे. पण पैसे आल्याची ती खूण नव्हे.

आपल्या उदाहरणात दोन्ही बँक खाती तपासून झाली. 12 जूननंतर या कंपनीकडून एकच जमा दिसली: 23 जूनला 46,400 रुपये. ती आधीच्या 47,200 रुपयांच्या बिल क्रमांक 398 ची, टीडीएसचे 800 वजा जाता. 417 चे पैसे कुठेच नाहीत. आता उत्तर लिहायचं. पहिला मसुदा असा झाला:

‘आमच्या रेकॉर्डनुसार बिल क्र. 417 चे पेमेंट अद्याप प्राप्त झालेले नाही. आपण पेमेंट केले असल्यास त्याचा पुरावा तात्काळ सादर करावा, अन्यथा सदर रक्कम थकीत समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’

यात चुकीचं असं काही नाही, पण हे पत्र वाचून कोणी मदत करणार नाही. ‘पुरावा सादर करावा’ म्हटलं की वाचणारा आरोपीच्या जागी उभा राहतो. ‘केले असल्यास’ मध्ये शंका उघड आहे, कारण त्याने केल्याचं आधीच सांगितलेलं आहे. ‘अन्यथा’ नंतरची धमकी पहिल्याच उत्तरात आली, तर दुसऱ्या-तिसऱ्या पत्रासाठी काहीच शिल्लक राहत नाही. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे आपण शोध घेतला, हे पत्रात कुठेच नाही. ग्राहकाने ‘खाती तपासा’ म्हटलं होतं. त्यावर ‘तपासली’ असा एक शब्दही नाही.

मग दुसरा मसुदा होतो तो असा:

‘आपल्यासारख्या सन्माननीय ग्राहकाला त्रास दिल्याबद्दल मनःपूर्वक क्षमस्व. बहुधा आमच्याकडूनच नोंद राहून गेली असावी. तरी सवडीने, शक्य असल्यास, पेमेंटचे काही तपशील असतील तर कृपया पाठवावेत ही नम्र विनंती.’

हा पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे, असं माझं मत आहे. ‘आमच्याकडूनच नोंद राहिली असावी’ हे लेखी मान्य केलं की उद्या पैसे खरोखरच आलेले नसल्याचं निघालं तर हीच ओळ समोर ठेवली जाईल. शिवाय ‘काही तपशील’ म्हणजे काय? अकाउंट्समधला माणूस दिवसभर अशा पन्नास मेलना उत्तरं देत असतो. काय शोधायचं ते कळलं नाही, तर तो मेल उद्यावर ढकलतो. ‘सवडीने’ लिहिल्यावर तर ढकलण्याची परवानगीच मिळाली.

पत्र मऊ होतं ते ‘कृपया’ आणि ‘क्षमस्व’ वाढवून नव्हे. ते मऊ होतं आपण काय काय पाहिलं ते सांगितल्याने आणि समोरच्याकडून अगदी थोडंच, पण नेमकं मागितल्याने. घासूनपुसून तयार झालेला मसुदा हा असा:

‘नमस्कार सर,

बिल क्र. 417 (दि. 12 जून 2025, रु. 84,960) चे पेमेंट केल्याचे आपण कळवलेत, आभारी आहोत.

आपला मेल आल्यावर आम्ही 12 जूनपासून आजपर्यंतचे आमच्या दोन्ही बँक खात्यांचे उतारे पुन्हा पाहिले. पूर्ण रक्कम किंवा टीडीएस वजा जाता रु. 83,520 अशी जमा आम्हाला आढळली नाही. या काळात आपल्याकडून 23 जूनला रु. 46,400 जमा झाले आहेत. ते बिल क्र. 398 पोटी घेतले आहेत.

या पेमेंटचा यूटीआर नंबर, तारीख आणि ज्या खात्यात रक्कम पाठवली त्याचे शेवटचे चार अंक कळवल्यास आम्हाला बँकेकडे शोध घेता येईल. चेक दिला असल्यास चेक नंबर आणि तो आपल्या खात्यातून वटल्याची तारीख पुरेशी आहे. काही बिले एकत्र दिली असतील, तर त्याची पेमेंट ॲडव्हाइस पाठवलीत तरी चालेल.

शुक्रवार, 8 ऑगस्टपर्यंत तपशील मिळाल्यास आम्ही लगेच नोंद पूर्ण करू. तोपर्यंत या बिलाचे स्मरणपत्र आपल्याला येणार नाही.’

खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि थेट फोन नंबर. बस्स.

पहिल्या ओळीत ‘आपण पेमेंट केले आहे’ असं न लिहिता ‘केल्याचे आपण कळवलेत’ असं लिहिलं आहे. त्यात त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याची पोच आहे, पण पैसे मिळाल्याची कबुली नाही. पुढे ‘पेमेंट मिळालेले नाही’ ऐवजी ‘जमा आढळली नाही’ आहे. मिळालं नाही हा निकाल झाला. आढळली नाही हे आपण जे पाहिलं त्याचं वर्णन आहे, आणि आत्ता आपल्याला खात्रीने एवढंच सांगता येतं. 398 च्या जमेचा उल्लेख मुद्दाम आहे. पुष्कळदा ग्राहकाच्या डोक्यात तेच पेमेंट असतं आणि ती ओळ वाचल्यावर त्याला स्वतःलाच उलगडा होतो. कोणी कोणाला चूक दाखवून द्यावी लागत नाही.

शेवटच्या परिच्छेदातली तारीखही विचार करून घातली आहे. तीन दिवसांची मुदत त्रासदायक नाही, पण काम विसरून जाण्याइतकी लांबही नाही. स्मरणपत्र थांबवण्याचं आश्वासन दिलं तर ते पाळलं पाहिजे. अनेक कार्यालयांतून दर सोमवारी स्मरणपत्रं आपोआप जातात. इकडे गोड मेल आणि तिकडे ‘अंतिम सूचना’, असं झालं तर सगळी मेहनत वाया.

या पत्राचा कणा म्हणजे यूटीआर नंबर. बँकेतून बँकेत गेलेल्या प्रत्येक व्यवहाराला असा एक स्वतंत्र क्रमांक मिळतो. एनईएफटीचा क्रमांक सोळा अक्षरा-अंकांचा, आरटीजीएसचा बावीस, तर आयएमपीएस आणि यूपीआयचा बारा अंकांचा असतो. हा क्रमांक हातात आला की आपली बँक ती रक्कम कुठे गेली हे शोधू शकते. ‘पुरावा पाठवा’ म्हटल्यावर बहुतेकजण स्क्रीनशॉट पाठवतात. तो दिसायला पक्का असतो, पण मजकूर बदललेले किंवा बनावट ॲपमधून काढलेले स्क्रीनशॉट सर्रास फिरतात आणि खरा असला तरी तो फक्त पैसे निघाल्याचं सांगतो, पोहोचल्याचं नाही. म्हणून स्क्रीनशॉट आला तर नाकारू नये, त्यातला क्रमांक उचलून स्वतःच्या उताऱ्याशी पडताळावा. क्रमांक मागण्यात आणखी एक सोय आहे. ग्राहकाला आपला बँकेचा उतारा आपल्याला दाखवावा लागत नाही. त्याच्या इतर व्यवहारांशी आपलं काही देणंघेणं नाही आणि पूर्ण उतारा मागणं हा आगाऊपणा ठरतो.

खात्याचे शेवटचे चार अंक का विचारायचे, हेही सांगायला हवं. एनईएफटीमध्ये रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर. नाव जुळतं की नाही, हे त्यात पाहिलं जात नाही. म्हणून एक अंक चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणाच्या खात्याचा निघाला, तर पैसे तिकडे जातात. पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय बँकांनी एनईएफटी आणि आरटीजीएससाठी 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं. पण ग्राहकाच्या यादीत वर्षांपूर्वी चढवलेला क्रमांक तसाच राहिलेला असू शकतो. याहून गंभीर प्रकार म्हणजे कोणीतरी आपल्या नावाने त्याला मेल पाठवतो, ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असं सांगतो आणि ग्राहक भाबडेपणाने तिकडे पैसे भरतो. त्याच्या दृष्टीने बिल भरलेलं असतं, क्रमांकही खरा असतो, फक्त खातं आपलं नसतं. चार अंक जुळले नाहीत की हे लगेच उघड होतं. अशा वेळी पत्रव्यवहार बाजूला ठेवून आधी ग्राहकाला फोन करावा आणि त्याने विलंब न लावता आपल्या बँकेला तसंच 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवावं, कारण रक्कम अडवता येते ती सुरुवातीच्या काही तासांतच. याच कारणाने या पत्रात आपला खाते क्रमांक किंवा नवा क्यूआर कोड जोडू नये. थकबाकीच्या मेलमध्ये बँकेचा तपशील येणं हे भामट्यांचंच लक्षण असतं आणि सावध ग्राहक तिथेच बिचकतो.

दुकानदाराचं जग थोडं वेगळं आहे. तिथे मेल नाही, व्हॉट्सॲप असतं आणि समोर ‘सर’ नसून काका किंवा ताई असतात. तरी सांगाडा तोच ठेवावा: ‘काका, नमस्कार. 18 तारखेच्या 2,350 च्या बिलाचं यूपीआय केलंत म्हणालात. मी 18 ते आजपर्यंतच्या सगळ्या जमा पाहिल्या, या रकमेची सापडली नाही. तुमच्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलंत की बारा आकडी नंबर दिसेल, तेवढा पाठवाल का? मी लगेच शोधतो.’ घरगुती ग्राहकाच्या बाबतीत पैसे चुकून त्याच नावाच्या दुसऱ्या दुकानाला जाणं फार सहज घडतं आणि नंबर पाहताना त्याला वर लिहिलेलं नाव दिसतं. गोष्ट तिथेच मिटते.

मोठ्या ग्राहकाला आधी फोन करावा की मेल, यावर मतभेद आहेत. जुनं नातं असेल तर फोन जरूर करावा, पण फोननंतर मेल गेलाच पाहिजे, कारण फोनवर ऐकलेला सोळा आकडी क्रमांक बरोबर उतरवला जात नाही आणि दोन महिन्यांनी फोनवरचं बोलणं कोणालाच आठवत नाही. मालकाला मात्र पहिल्या मेलमध्ये जोडू नये. अकाउंट्समधल्या माणसाला तो आपल्या वरिष्ठांकडे केलेला कांगावा वाटतो आणि तो मग क्रमांक शोधण्याऐवजी स्वतःचा बचाव करायला लागतो. दोन उत्तरं आली नाहीत की पुढची पायरी म्हणजे त्यांच्या पुस्तकातल्या आपल्या खात्याचं लेजर मागणं. आपलं लेजरही सोबत जोडावं. दोन्ही शेजारी ठेवली की फरक कोणत्या तारखेला सुरू झाला ते लगेच दिसतं.

आपल्या उदाहरणात तो कर्मचारी यूटीआर शोधायला बँकेच्या पोर्टलवर गेला. 9 जुलैला व्हाउचर पडलेलं होतं, पेमेंट भरलेलं होतं आणि मंजुरीच्या रांगेत तसंच अडकलेलं होतं. मंजुरी न मिळालेल्या व्यवहाराला यूटीआर नसतोच, त्यामुळे क्रमांक मागितल्यानेच अडचण सापडली. नुसता ‘पुरावा’ मागितला असता तर त्याने लेजरचं पान छापून पाठवलं असतं आणि वाद आणखी चिघळला असता. त्याने मंजुरी घेतली, 83,520 जमा झाले आणि कोणालाही माफी मागावी लागली नाही.

पैसे कुठेही सापडोत, त्यांच्याकडे किंवा आपल्याच जुन्या खात्यात, त्याच दिवशी ग्राहकाला दोन ओळी लिहाव्यात: किती रुपये, कोणत्या तारखेला, कोणत्या बिलापोटी जमा धरले. चूक आपली निघाली तर तसं स्पष्ट लिहावं, इथे क्षमस्व लिहिण्यात संकोच नको. आणि रक्कम नुसती खात्यात न टाकता 417 समोरच लावून घ्यावी, मग थकबाकीची यादी पुन्हा काढून ते बिल तिथून गेलं आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. नाहीतर पुढच्या सोमवारी त्याच ग्राहकाला तेच स्मरणपत्र जाईल.